विवाहपरिचयातील छायाचित्र

(वार्षिक मेळाव्यात वधू-वर सूचक शाखेच्या वतीने केलेले भाषण)



विवाहेच्छू मुलामुलींची परिचयपत्रके पाहण्याचे काम आमच्या शाखेकडे आहे. गोत्र, शिक्षण, नोकरी यांविषयीचे रकाने मंडळी विचारपूर्वक भरतात. छायाचित्र मात्र घाईने अथवा अतिहौसेने जोडले जाते, आणि पत्रक हाती पडताच पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम जाते ती त्याच्यावरच. यास्तव आज या एकाच विषयावर बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्यातील एका कन्येची हकीकत प्रथम सांगतो. वर्ण गव्हाळ, कपाळावर लहानपणच्या जखमेचा बारीक व्रण, नाकीडोळी नीटस, बँकेत नोकरी. तिचे जे छायाचित्र पत्रकावर होते त्यात व्रण नव्हता, वर्ण चार छटांनी उजळ होता आणि हनुवटी निमुळती झाली होती. ते पाहून वरपक्षाची मंडळी चार तासांचा प्रवास करून आली. मुलगी बाहेर आली तेव्हा क्षणभर कोणीच बोलले नाही, मग मुलाच्या आत्याबाईंनी विचारले, “फोटोतल्या ताई याच का?” पुढे ती कन्या आम्हांस म्हणाली, “नकाराचं मला काही वाटलं नाही. पण माझ्याच घरात मला एका दुसऱ्या मुलीशी ताडून पाहिलं, आणि ती दुसरी मुलगीही मीच होते.”

आता हे घडले कसे, ते पाहू. फसविण्याचा हेतू त्या घरात कोणाचाच नव्हता. मूळ छायाचित्र तिने स्वतःच, हात लांब करून मोबाइलवर काढले होते. त्यात नाक मोठे व कान मागे गेलेले दिसले, म्हणून चेहरा बारीक करणारे साधन वापरले. पाठीमागे पांढरी भिंत होती. समोर पांढरे फार असले की कॅमेरा सगळेच चित्र काळोखे करतो. तसा चेहरा काळवंडला, म्हणून उजळ करणारा फिल्टर लावला. म्हणजे मूळ दोष अंतराचा आणि प्रकाशाचा, आणि त्याचे प्रायश्चित्त मात्र चेहऱ्याला!

अंतराची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. नाकाचे टोक आणि कान यांत सुमारे पाच इंचांचे अंतर असते. कॅमेरा नाकापासून १२ इंचांवर धरला तर कान १७ इंचांवर राहतात. साहजिकच जवळचे नाक फुगते व दूरचे कान आक्रसतात. तोच कॅमेरा पाच फुटांवर, म्हणजे ६० इंचांवर नेला, तर कान ६५ इंचांवर येतात आणि हा भेद जवळजवळ नाहीसा होतो. अमेरिकेतील शल्यवैद्यांनी २०१८ साली गणित मांडून दाखविले की, १२ इंचांवरून घेतलेल्या चित्रात नाकाची रुंदी पाच फुटांवरील चित्रापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक भासते. समोर बसलेला मनुष्य आपणांस चारपाच फुटांवरूनच पाहतो; तेव्हा खरा चेहरा म्हणावयाचा तो त्या अंतरावरचा. स्वतःच हात लांब करून काढलेले छायाचित्र, मग त्यास कोणताही फिल्टर नसो, खरे नव्हे.

त्या कन्येचे छायाचित्र पुन्हा घेतले ते असे. सुटीच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, ज्या गॅलरीच्या दारातून ऊन थेट आत येत नव्हते, त्या दारापासून दोन हातांवर खुर्ची मांडली. डोक्यावरचा दिवा व ट्यूब बंद केली. वरच्या दिव्याने डोळ्यांखाली काळी वर्तुळे पडतात, आणि दोन जातींचे प्रकाश मिसळले की वर्णाचा रंगच पालटतो. मुलगी दाराकडे किंचित तिरपी बसली. धाकटा भाऊ सहा फुटांवर उभा राहिला, मोबाइल तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला, पडद्यावरचे 2x दाबले आणि तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवून प्रकाश चेहऱ्याच्या मानाने ठरविला. पुष्कळ मोबाइलांत 2x म्हणजे केवळ मधला भाग कापून मोठा करणे असते. त्याने बारकावा थोडा कमी होतो, परंतु चेहऱ्याची ठेवण बिघडत नाही, कारण ठेवण ठरते ती अंतराने. भावाने तिच्याशी ऑफिसातल्या गोष्टी काढल्या आणि बोलता बोलता तीसचाळीस छायाचित्रे घेतली. “हस” म्हणून सांगितले की मनुष्य हसत नाही, दात दाखवितो!

एक सावधगिरी मात्र आधीच घेतली होती. कित्येक मोबाइलांत त्वचा गुळगुळीत करण्याची योजना न मागताच चालू असते. Beauty किंवा तत्सम नावाखाली ती सापडते, ती शून्यावर आणावी. चालू होती की नाही हे ओळखण्यासाठी चित्र मोठे करून भुवया व कपाळावरची केशरेषा पाहावी. केस सुटे न दिसता रंगाचा पट्टा दिसला तर योजना चालू होती. चेहरा आणि हात यांचा वर्ण ताडून पाहावा. कंबरेजवळ दाराची चौकट वाकलेली दिसली, तर कंबर कोणीतरी आत ढकलली आहे असे निःशंक समजावे.

पूर्णाकृती छायाचित्रात कॅमेऱ्याची उंची महत्त्वाची. तो जमिनीजवळ नेला की पाय लांब होतात, डोक्यावर नेला की मनुष्य ठेंगणा होतो. यास्तव आठदहा फुटांवर उभे राहून, मोबाइल कंबरेच्या उंचीवर सरळ धरावा, 0.5 वापरू नये, त्याने कडेचे अवयव ताणले जातात. शेजारी दाराची चौकट येऊ द्यावी, म्हणजे पाहणाऱ्यास उंचीचा अंदाज आपोआप येतो. या बाबतीत वरपक्ष मागे आहे असे नव्हे. जमिनीवरून घेतलेले उंचेपुरे वर आणि बाराही महिने टोपी न काढणारे वर आमच्या संग्रही पुष्कळ आहेत.

दुरुस्ती कितपत करावी, असे आयाबहिणी विचारतात. आठवड्यात जाणारी पुटकुळी पुसली तर आमची हरकत नाही. व्रण, तीळ, वर्ण यांस हात लावू नये. रोज चष्मा असेल तर छायाचित्रातही असावा. काचेवर चमक आली तर मान किंचित खाली करावी. आणि निवड आईवर सोपवू नये, तिला सगळीच आवडतात. त्या कन्येने आपली चार चित्रे बँकेतील मैत्रिणीस दाखवून विचारले, “मी रोज कामावर येते तशी यांतल्या कोणत्यात दिसते?” मैत्रिणीने दाखविले त्यात व्रण स्पष्ट होता. तेच पत्रकावर लागले.

त्यानंतर विचारणा पूर्वीपेक्षा कमी आल्या, हे आम्ही लपवीत नाही. परंतु जी दोन स्थळे घरी आली, ती मुलगी बाहेर येताच तिच्याशी बोलू लागली. त्यांतील एकाकडे बोलणी चालू आहेत.

यंदापासून पत्रकावर छायाचित्राखाली महिना व वर्ष लिहिण्यासाठी एक ओळ ठेविली आहे. छायाचित्र एक वर्षाच्या आतील असावे. मध्यंतरी दाढी राखली, केस कापले, वजन पाचसात किलोंनी वाढले वा उतरले, तर मुदतीची वाट न पाहता नवे पाठवावे. एक चेहऱ्याचे आणि एक पूर्णाकृती, अशी दोन पुरेत. त्यांत मुलगा किंवा मुलगी एकटीच असावी, कारण समूहातील मैत्रिणीविषयी विचारणा करणारी पत्रेही आम्हांस आलेली आहेत.