चालीत शिरलेले कावळे

समजा, प्रेमगीताची एक ओळ सुचली: ‘मन तुझ्याकडे का वळे’. कागदावर छान. पण गाताना शब्दांमधली फट बुजते, ‘का’ लांबतो, ‘वळे’ त्याला चिकटतो आणि श्रोत्याला ऐकू येतात कावळे!

हे कवीला स्वतःला ऐकू येत नाही, कारण त्याला ओळ पाठ असते. म्हणून आधी सगळे शब्द जोडून लिहा आणि ते वेगळ्या जागी तोडून पाहा. मग ज्याने कागद पाहिलेला नाही अशा कुणाला चालीवर, तबल्यासकट ओळ ऐकवा आणि ऐकू आलं ते लिहायला सांगा. नुसती वाचून दाखवू नका. वाचताना आपण नकळत थांबतो.

आता दुरुस्ती. मूळ ओळीच्या मात्रा 13. ‘का मन वळे तुझ्याकडे’ केलं, तरी 13च राहतात आणि कावळे उडून जातात. मात्र शेवट ‘ळे’वरून ‘डे’वर गेला, यमक मोडलं. यमक हवंच असेल तर ‘मन तुझ्याकडे हे वळे’. पण मग प्रश्न हरवतो. मी यमक सोडेन. मूळ ओळ तशीच ठेवून ‘का’नंतर श्वास घ्या, असं गायिकेला सांगता येतं, पण कोरसमधले दहाजण ते हमखास विसरतात.