पुनर्लेखनापूर्वीची पटकथा: कार्डांची मांडणी

पटकथेचा पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर त्यातील उणिवा संवाद घासूनपुसून दूर करता येतील, असा समज लेखकांमध्ये सहसा आढळतो. परंतु मधला भाग रेंगाळत असेल किंवा शेवट ओढूनताणून आणल्यासारखा वाटत असेल, तर दोष बहुधा वाक्यांत नसून दृश्यांच्या क्रमात असतो आणि शंभर पानांच्या बाडात हा क्रम एका नजरेत दिसत नाही. तो दिसावा म्हणून प्रत्येक दृश्याचे, म्हणजे एका ठिकाणी सलग घडणाऱ्या प्रसंगाचे, एकेक कार्ड करून ती जमिनीवर वा भिंतीवर मांडण्याची पद्धत आहे. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमधील चेक अध्यापक फ्रँक डॅनियल 3 बाय 5 इंची कार्डांवर 70 दृश्ये लिहायला सांगत, असे त्यांचे विद्यार्थी डेव्हिड लिंच सांगत असत. तेथे कार्डे लेखनापूर्वी येतात; पुनर्लेखनात मात्र ती लिहून झालेल्या खर्ड्यावरून, पान उघडे ठेवून करावी लागतात, कारण स्मरणावरून केलेल्या कार्डात लेखकाच्या मनातले दृश्य उतरते, कागदावरचे नव्हे.

कार्डावर दृश्याचा क्रमांक, कोणाला काय हवे आहे, आड काय येते आणि दृश्याअखेरीस काय बदलते, एवढेच लिहावे. यांपैकी शेवटची ओळ सर्वांत अवघड ठरते; ती लिहिता येत नसेल तर त्या दृश्यात केवळ माहिती दिली जाते किंवा वातावरण उभे राहते, असे समजावे. मुख्य कथानकासाठी पांढरी आणि उपकथानकासाठी, म्हणजे त्याला समांतर चालणाऱ्या दुय्यम कथेसाठी, पिवळी कार्डे वापरली की रंगांची वाटणीही दिसू लागते.

एक कल्पित पटकथा घेऊन हे पाहता येईल. एसटीच्या एका वाहकावर भरण्यातील रकमेच्या अपहाराचा आळ येतो, तो निलंबित होतो आणि त्याच सुमारास त्याच्या मुलीचे लग्न ठरते, अशी ही 58 दृश्यांची कथा आहे. कार्डे चार ओळींत मांडल्यावर पहिल्या ओळीत सहा पिवळी कार्डे येतात, मधल्या दोन ओळींत एकही येत नाही आणि पुढचे पिवळे कार्ड थेट 51 व्या क्रमांकावर सापडते. म्हणजे मुलगी आणि तिचे लग्न अर्धा चित्रपट बेपत्ता आहेत. वाचताना हे जाणवत नाही, कारण मधल्या संवादांत लग्नाचा उल्लेख अधूनमधून येत राहतो.

दुसरा दोष अधिक खोल आहे. क्रमांक 22 ते 27 या सहा कार्डांवर वाहक युनियनचा पुढारी, वकील, जुना मित्र अशा एकेकाकडे जातो आणि नकार घेऊन परततो, त्यामुळे शेवटची ओळ सहाही ठिकाणी सारखीच आहे. दोन कार्डांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ हा शब्द बसतो का, हे येथे तपासावे. केवळ ‘आणि मग’ बसत असेल तर त्या दृश्यांची अदलाबदल केल्याने काहीच बिघडत नाही, आणि हीच दोषाची खूण होय. शिवाय आगाराचा रोखपाल नोंदवहीत खाडाखोड करतो, हे 12 व्या दृश्यातच दाखवलेले असल्याने प्रेक्षकाला उत्तर ठाऊक आहे आणि नायक मात्र दारोदार फिरतो आहे.

आता 12 वे कार्ड उचलून 27 नंतर ठेवून पाहावे. मूळ क्रमांक कोपऱ्यात असल्याने ते परत आणणे सोपे असते, तरीही आधीच्या मांडणीचे छायाचित्र काढून ठेवलेले बरे. या हलवण्याने मधल्या दृश्यांना कुतूहल मिळते, परंतु 19 व्या दृश्यात तोच रोखपाल वाहकाच्या घरी सांत्वनाला येतो, त्यातला ताण नाहीसा होतो, कारण प्रेक्षकाला अजून त्याचा संशय नाही. कोणता तोटा पत्करायचा हे कार्ड सांगत नाही. तो लेखकाचा निर्णय असतो. या कथेत कुतूहल राखणे अधिक योग्य वाटते, कारण गुपित उघडल्यावर तेच सांत्वन मागाहून वेगळे भासते. सहा भेटींपैकी दोन ठेवाव्यात: पुढारी नकार देतो, म्हणून वाहक स्वतः नोंदवह्या मिळवायला निघतो, पण वकील चौकशीची जी तारीख सांगतो, तीच लग्नाची निघते. रिकाम्या जागी पिवळे कार्ड असे कारणासह येते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. अर्ध्या पानाचे दृश्य आणि सहा पानांचे दृश्य कार्डावर सारख्याच आकाराचे दिसते, त्यामुळे कोपऱ्यात पानांची संख्याही टिपावी लागते. एरवी दहा कार्डांची ओळ आटोपशीर वाटते आणि पडद्यावर ती अर्धा तास घेते. संवादाचा पोत किंवा नटाला मिळणारा अवकाश यांविषयी तर कार्ड मूकच राहते. नवा क्रम ठरल्यावरही सारी पटकथा पुन्हा लिहावी लागत नाही. हललेल्या कार्डाच्या आधीचे व नंतरचे दृश्य तपासून, प्रेक्षकाला अजून न कळलेली गोष्ट एखादे पात्र आधीच बोलून तर टाकत नाही ना, हे प्रथम पाहावे लागते.