रक्तदाबाची रेघ कुठे ओढायची?



अमेरिकेत असलेल्या मुलाला आई फोनवर सांगते, "आज बीपी १३४/८४ निघालं, डॉक्टर म्हणाले ठीक आहे." तिकडून लगेच प्रश्न येतो, "ठीक कसं? हा तर उच्च रक्तदाब झाला. गोळी का नाही दिली?" दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांनी २०१७ साली उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात ती अजूनही १४०/९० वरच आहे. ब्रिटन आणि जपानमध्येही तीच आहे. शरीर तेच, मग देशागणिक आकडा का बदलावा?

मुळात निसर्गाने अशी रेघ कुठेच ओढलेली नाही. जगभरातल्या सुमारे दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की चाळीस ते सत्तर या वयात ११५/७५ पासूनच धोका वाढायला लागतो. वरचा आकडा वीसने वाढला, की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. हा चढ सलग आहे. १३९ ला सुखरूप आणि १४० ला आजारी, असा टप्पा त्यात कुठेच नाही. त्यामुळे रेघ ओढताना तज्ज्ञांची समिती वेगळाच प्रश्न विचारते: कोणत्या आकड्यापासून पुढे उपचारांचा फायदा त्यांच्या त्रासापेक्षा आणि खर्चापेक्षा नक्की जास्त आहे? या प्रश्नाचं उत्तर पुराव्यावर अवलंबून असतं, तसंच ते त्या देशाच्या दवाखान्यांवर आणि तिजोरीवरही अवलंबून असतं.

अमेरिकेच्या निर्णयामागचा मोठा आधार म्हणजे २०१५ साली जाहीर झालेली स्प्रिंट नावाची चाचणी. पन्नाशीच्या पुढची, हृदयविकाराचा धोका आधीच जास्त असलेली, पण मधुमेह नसलेली नऊ हजारांहून अधिक माणसं तिच्यात होती. निम्म्यांचा वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा होता, निम्म्यांचा १२० च्या खाली. पहिल्या गटात हजारात वर्षाला साधारण बावीस जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम गंभीर घटना घडली. दुसऱ्या गटात सोळा-सतरा जणांना. हा फायदा खरा आहे, मोठा आहे. त्याची किंमतही होती. दुसऱ्या गटात रक्तदाब फार उतरणं, चक्कर येऊन पडणं आणि मूत्रपिंडावर ताण येणं जास्त दिसलं.

या चाचणीतली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे माणसाला पाच मिनिटं शांत बसवून यंत्र आपोआप तीनदा रक्तदाब मोजत असे, आणि बऱ्याच केंद्रांवर त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नसे. असा मोजलेला आकडा गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातल्या आकड्यापेक्षा सहसा कमी येतो. म्हणजे तिथले १३० आणि आपल्या दवाखान्यातले १३० एकच नव्हेत. युरोपातल्या तज्ज्ञांनी रेघ जागेवर ठेवली, त्यामागे ही शंकाही होती. अमेरिकेतसुद्धा कौटुंबिक डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ ची नवी व्याख्या स्वीकारली नाही.

दुसरा प्रश्न संख्येचा. रेघ दहाने खाली आली आणि अमेरिकेतल्या प्रौढांमध्ये उच्च रक्तदाब असणाऱ्यांचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. पण गोळी लागणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम दोन टक्क्यांनी वाढलं, कारण १३० ते १३९ मधल्या बहुतेकांना आधी खाणंपिणं आणि व्यायामच सांगितला होता. चीनमध्ये २०२२ साली काही तज्ज्ञांनी १३०/८० सुचवले, तेव्हा तिथल्या आरोग्य आयोगाने ते अमान्य करून १४०/९० कायम असल्याचं जाहीर केलं. आपल्या सरकारी कार्यक्रमाबद्दलही माझं मत तसंच आहे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १६०/१०० वाल्याची गोळी महिनाभर न चुकता मिळवून देणं हेच मोठं काम आहे, तिथे डॉक्टरांचा वेळ आधी त्याच्यासाठी जायला हवा. मात्र याचा अर्थ १३८ निर्धोक आहे, असा मुळीच होत नाही.

मग सीमेवरच्या माणसाने काय करावं? एक उदाहरण घेऊ. सेहेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. मधुमेह नाही, तंबाखू नाही, हृदयाची तक्रार नाही. शाळेतल्या शिबिरात जिना चढून आल्या आल्या, मैत्रिणीशी बोलत असताना त्यांचा रक्तदाब मोजला: १४२/८८. हात खाली लोंबकळत होता. नुसता हात असा सोडल्याने वरचा आकडा सहा-सात अंकांनी जास्त दिसू शकतो. बोलण्याने, लघवी तुंबलेली असल्याने, दंडाला आखूड पडणाऱ्या पट्ट्यानेही तो वाढतो. तेव्हा या एका आकड्यावरून निदान करता येणार नाही.

त्यांनी आठवडाभर घरी मोजायचं. यंत्र दंडाचं हवं, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. बाईंची सरासरी आली १३१/८२.

घरच्या आकड्यासाठी रेघही वेगळी असते. दवाखान्यातल्या १४०/९० ला घरचे १३५/८५ समान धरतात. म्हणून आपल्याकडच्या हिशेबाने बाईंना उच्च रक्तदाब नाही. अमेरिकेत घरची रेघही १३०/८० आहे, म्हणून तिथे तो आहे. आणि तरीही पहिले तीन महिने दोन्हीकडचे डॉक्टर एकच सांगतील: दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे जेमतेम चहाच्या एका चमच्याच्या आत ठेवा. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीचे पदार्थ यांतलं मीठही त्यातच मोजायचं. वजन जास्त असेल तर उतरवा, रोज चाला. फरक पडतो तो यानंतर. २०२५ च्या अमेरिकी सूचनांनुसार तीन ते सहा महिन्यांनी आकडा १३०/८० च्या वरच राहिला, तर कमी धोक्याच्या माणसालाही गोळी सुचवतात. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर लक्ष ठेवून थांबतील.

आता तेच आकडे त्यांच्या मोठ्या भावाचे समजा. वय बासष्ट, मधुमेह आहे, हृदयात स्टेंट घातलेला आहे. इथे मात्र आपल्याकडच्या आणि अमेरिकेतल्या सल्ल्यातलं अंतर जवळजवळ मिटतं. हृदयविकार असलेल्याचा वरचा आकडा १३० ते १३९ मध्ये असेल, तर औषध सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ पासून सांगते. म्हणून सीमेवरचा आकडा घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा सोबत साखरेचा, कोलेस्टेरॉलचा आणि क्रिएटिनिनचा अहवाल न्या. आईवडिलांपैकी कोणाला कमी वयात झटका आला असेल तर तेही सांगा. गोळीचा निर्णय या सगळ्यावरून ठरतो.

गोळी नाही म्हणाले, तरी घरची आठवडाभराची मोजणी सहा महिन्यांनी पुन्हा करा आणि जुनी वही जपून ठेवा. दोन सरासऱ्या शेजारी ठेवल्या, की आकडा वर सरकतोय का, हे डॉक्टरांना लगेच कळतं.