ड्रायव्हरची पारख

आज मी तुम्हाला एका वहीची गोष्ट सांगणार आहे. मी नागपूरजवळ बुटीबोरीला एका कारखान्यात गाड्यांचा हिशोब ठेवत होतो. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ अशा कारखान्यात गाडी चालवतो. कुणी उद्या स्वतःच चालवील. कुणाच्या गावच्या दूध सोसायटीची गाडी असेल, तिच्यावर ड्रायव्हर ठेवला असेल. तेव्हा ड्रायव्हर चांगला की वाईट, हे कसे ठरवावे ते दोन्ही बाजूंना ठाऊक पाहिजे. ठरवणाऱ्यालाही आणि ज्याचे ठरते त्यालाही.

आमच्याकडे माल नेणारी एक लहान पिकअप गाडी होती. तिच्यावर एक ड्रायव्हर होता. माणूस अबोल. शाळेत तो फार गेला नव्हता. मोठेपणी लिहायला शिकला होता. अक्षर वाकडेतिकडे, पण वही रोज लिहायचा.

एका मे महिन्यात साहेबांनी हिशोब पाहिला आणि त्याला बोलावले.

“काय रे, डिझेल कुठं जाते?”

“गाडीतच जाते जी.”

“गाडी 12 चं ॲव्हरेज देत होती. आता 10 देते. बाकीचं कोण पिते?”

तो म्हणाला, “मी नाही घेतलं जी.” एवढेच. खाली मान घालून उभा राहिला. साहेबांनी मला सांगितले, “वर्षाचा शेरा लिहा. प्रामाणिकपणा नाही, असं लिहा. पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस पाहू.”

मंडळी, त्या एका ओळीने त्याची भाकर जाणार होती. चोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला दुसऱ्या कारखान्याच्या फाटकात कोण उभे करतो? म्हणून मी म्हटले, “साहेब, आठ दिवस द्या. वही नीट वाचतो, मग लिहितो.”

आधी ॲव्हरेज कसे काढतात ते पाहू. टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि मीटरचा आकडा लिहायचा. गाडी चालवायची. पुन्हा टाकी गळ्यापर्यंत भरायची. आता किती लिटर मावले ते पावतीवर असते आणि मीटरचा नवा आकडा समोर असतो. नव्या आकड्यातून जुना वजा करा. जे किलोमीटर येतील त्यांना लिटरने भागा. एप्रिलमध्ये आमचे मीटर 48,210 वरून 48,690 वर गेले. म्हणजे 480 किलोमीटर. डिझेल मावले 40 लिटर. 480 ला 40 ने भागले, 12 आले. मे महिन्यात तेवढ्याच 480 किलोमीटरला 48 लिटर लागले. ॲव्हरेज आले 10. म्हणजे एका टाकीमागे 8 लिटर जास्त.

एस.टी.च्या आगारातही असाच हिशोब ठेवतात. तिथे 10 लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली ते धरतात. रीत तीच.

पण या रीतीत एक खोट आहे. पंपावरचा पोऱ्या कधी नळी पहिल्यांदा बंद पडली की थांबतो. कधी काठोकाठ भरतो. त्यात दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो. म्हणून एका टाकीवरून कुणाला चोर म्हणू नये. मी चार टाक्या एकत्र धरल्या. किलोमीटर झाले 1,920. डिझेल लागले 192 लिटर. भागाकार पुन्हा 10 च आला. म्हणजे पंपाची चूक नव्हती. डिझेल खरेच जास्त जात होते.

आता ते चोरीने जाते की गाडीच्या दोषाने? ते ओळखायची एक साधी युक्ती आहे. माणूस बदला, गाडी तीच ठेवा. मी आठ दिवस त्या पिकअपवर दुसरा ड्रायव्हर दिला आणि या भाऊला दुसरी गाडी दिली. रस्ते तेच, माल तेवढाच. आठ दिवसांनी पाहतो तर पिकअप दुसऱ्याच्या हातातही 10 च देत होती. आणि या भाऊच्या हातात दुसरी गाडी आपले नेहमीचे ॲव्हरेज देत होती. दोष गाडीबरोबर राहिला, माणसाबरोबर गेला नाही.

मग मी वहीची मागची पाने उलटली. वहीत शेवटी एक रकाना असतो, ‘शेरा’ म्हणून. तो कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो. 6 मे च्या ओळीत वाकड्या अक्षरात लिहिले होते, “डावे पुढचे चाक तापते. गाडी डावीकडे ओढते.” 9 मे ला पुन्हा तेच. 14 मे ला पुन्हा.

गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने चाकाजवळ तळहात धरला. लोखंडाला हात लावला नाही, नाहीतर पोळला असता. मग जॅक लावून चाक उचलले आणि हाताने फिरवले. चाक फिरेना. पायातला ब्रेक सोडला तरी त्या चाकाचा ब्रेक चिकटून राहत होता. म्हणजे गाडी महिनाभर ब्रेक ओढतच चालत होती. 8 लिटर त्या चाकाच्या उष्णतेत जळत होते. ब्रेक दुरुस्त केला, टायरची हवा सारखी केली. पुढच्या टाकीला ॲव्हरेज परत 12 आले.

साहेबांना वही दाखवली. ते बराच वेळ पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “यानं तीनदा लिहिलं होतं. आपण एकदाही वाचलं नाही.”

त्या दिवसापासून आम्ही शेरा लिहिण्याची रीत बदलली. चार गोष्टी पाहायच्या ठरवल्या. त्या सांगतो.

पहिली गोष्ट, सुरक्षितपणा. वर्षात अपघात झाला नाही म्हणजे ड्रायव्हर सावध आहे, असे होत नाही. नशिबानेही वर्ष निभते. म्हणून लहान गोष्टी पाहाव्या. पट्टा बांधतो का? गाडी मागे घेताना उतरून पाहतो का? चालवताना फोन घेतो का? आणि एक महत्त्वाचे. गाडीला ओरखडा पडला तर ज्याने स्वतः येऊन सांगितले, त्याचे गुण कापू नका. कापले तर पुढच्या वेळी तो लपवील. आज ओरखडा लपतो, उद्या सैल झालेला ब्रेक लपतो.

दुसरी गोष्ट, वेळ. इथे फार अन्याय होतो. गाडी दोन तास उशिरा आली, की लागलीच ड्रायव्हर आळशी ठरतो. आम्ही वहीत चार वेळा लिहायला लावल्या. फाटकातून निघाला ती वेळ. माल उतरायच्या जागी पोचला ती. तिथून सुटला ती. परत आला ती. एकदा गाडी कळमन्याच्या बाजारातून दोन तास उशिरा आली. वहीत पाहिले तर पावणेदोन तास गाडी माल उतरायची वाट पाहत उभी होती. तो उशीर बाजाराचा, ड्रायव्हरचा नव्हे. ड्रायव्हरचा वक्तशीरपणा सकाळी पाहावा, ठरल्या वेळी हजर होतो की नाही. रस्त्यावर लवकर पोचल्याबद्दल कधी शाबासकी देऊ नये. दिली तर तो गाडी पळवील. 1961 साली मोटार कामगारांसाठी कायदा झाला, त्यात दिवसाचे काम 8 तासांचे ठरवले होते. ते उगीच नव्हते. झोपेला आलेला माणूस वेळेवर पोचवण्यापेक्षा न पोचलेला बरा.

तिसरी गोष्ट, गाडीची निगा. गाडी धुऊन चकचकीत ठेवली म्हणजे निगा झाली असे समजू नका. मी अचानक जाऊन स्टेपनीत हवा आहे का ते पाहत असे. जॅक आणि पाना जागेवर आहे का ते पाहत असे. स्टेपनीची आठवण ज्याला रोज असते त्याला ऑईल आणि पाण्याची असतेच. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. टायरची हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजावी. भर दुपारी तापलेल्या टायरची हवा फुगून जास्त दिसते. ती पाहून कुणी हवा काढली, तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते. कमी हवेचा टायर आणखी तापतो आणि फुटतो.

चौथी गोष्ट, प्रामाणिकपणा. चोरी होतच नाही असे मी म्हणत नाही. आमच्याकडे एक दुसरा ड्रायव्हर होता. त्याची वही फार सुंदर. ॲव्हरेज दर महिन्याला बरोबर 12, कमी नाही, जास्त नाही. मला तिथेच शंका आली. खरी गाडी कधी साडेअकरा देते, कधी सव्वाबारा. मी पाहिले तर तो मीटरचा आकडा लिहीतच नव्हता. नुसते ‘वर्धा जाऊन येऊन 130 किलोमीटर’ असे लिहायचा. बुटीबोरीहून वर्धा साधारण 50 किलोमीटर. जाऊन येऊन 100. वरचे 30 किलोमीटर कागदावरचे. 12 च्या ॲव्हरेजने 30 किलोमीटरचे अडीच लिटर होतात. खेपेमागे अडीच लिटर बाजूला निघत होते आणि भागाकार मात्र बरोबर येत होता. म्हणून जाताना आणि येताना मीटरचा आकडा लिहिलाच पाहिजे. पावतीवरची तारीख आणि वेळ वहीशी जुळली पाहिजे. आता टोलनाक्यावर फास्टॅग असतो. गाडी नाक्यावरून किती वाजता गेली ते त्यात येते. तेही जुळवून पाहता येते.

त्या ड्रायव्हरलाही आम्ही आधी समोर बसवले. आकडे दाखवले, त्याचे म्हणणे विचारले, मग शेरा लिहिला. ज्याच्याबद्दल लिहायचे त्याला आधी वाचून दाखवायचे, हा नियम दोघांनाही सारखा.

आणि तो पहिला भाऊ? त्याच्या वर्षाच्या कागदावर मी लिहिले, “गाडीतला दोष वेळेवर तीनदा लेखी कळवला.” कागद त्याच्या हाती दिला. त्याने एकेक अक्षर लावून सगळे वाचले. मग खाली सही केली आणि म्हणाला, “साहेब, वही नसती तर मी चोरच राहिलो असतो जी.”

तेव्हा गाडीवर बसणाऱ्याने शेऱ्याचा रकाना कोरा सोडू नये. चाक तापते, ब्रेक ओढतो, दिवा लागत नाही, जे दिसेल ते तारखेसकट लिहावे. आणि ज्याच्याकडे वही येते त्याने तो रकाना आधी वाचावा, भागाकार मागून करावा.