एका वाक्याचा माग

एम.एड.च्या एका विद्यार्थिनीच्या निबंधात मला हे वाक्य सापडलं: ‘शासकीय अहवालानुसार पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना वाचता येत नाही.’ संदर्भ म्हणून तिने एका शिक्षकाचा ब्लॉग दिला होता. त्या शिक्षकाची तळमळ खरी होती, पण आकडा त्याचा स्वतःचा नव्हता. म्हणून आम्ही दोघी आकड्याचा माग काढत मूळ अहवालापर्यंत गेलो.

तो होता ‘असर 2022’. हा अहवाल ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचा, म्हणजे ‘शासकीय’ हा शब्द तिथेच गळाला. असरचे कार्यकर्ते ग्रामीण भागात घरोघरी जातात आणि प्रत्येक मुलाला समोर बसवून वाचायला देतात: अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद, शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाचवीतली 42.8 टक्के मुलं ती गोष्ट वाचू शकली. उरलेल्यांतली कितीतरी मुलं शब्द किंवा परिच्छेद वाचतात. त्यांना ‘वाचता येत नाही’ म्हणणं हा त्या मुलांवरच अन्याय आहे.

मग शासकीय काय? एनसीईआरटीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, ‘नॅस’. त्याची चाचणी शाळेत व्हायची, शहरी मुलंही त्यात असायची आणि ते इयत्तेनुसार अपेक्षित क्षमता तपासायचं. मोजपट्टीच वेगळी असल्यामुळे असर आणि नॅसचे टक्के शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. शासनाचा शिक्का आहे म्हणून आकडा आपोआप पक्का ठरतो, असंही नाही. जॉन्सन आणि पराडो यांनी 2021 मध्ये एका संशोधन नियतकालिकात या पाहण्यांची तुलना केली. नॅसच्या राज्यांच्या सरासऱ्या असरपेक्षा बऱ्याच वर होत्या आणि राज्यांचे क्रम तर जवळपास जुळतच नव्हते. असरचीही मर्यादा त्यांनी दाखवली: राज्याराज्यांची तुलना बहुतांशी ठीक, पण एकाच राज्यातला वर्षावर्षाचा फरक सांगताना जपून.

तज्ज्ञांनी तपासलेला लेख म्हणून मी त्याला जास्त वजन देते. पण त्याचीही तारीख पाहावी लागते. नॅसची पुढची चाचणी 12 नोव्हेंबर 2021 ला, त्या लेखानंतर झाली. त्या फेरीबद्दलचा पुरावा म्हणून तो लेख चालणार नाही.

ब्लॉग आम्ही निबंधातून काढला नाही. पाचवीला शिकवणाऱ्या माणसाला काय दिसतं, हे त्यात होतं आणि ते कोणत्याही तक्त्यात नव्हतं. तो उतारा तिने ‘एका शिक्षकाचं निरीक्षण’ म्हणून वेगळा ठेवला. तिचं मूळ वाक्य असं झालं: ‘असर 2022 नुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या 57.2 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही.’