आधी यंत्र पाहा, मग फाइल घ्या



साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणून २०११च्या १ जानेवारीपासून त्यांचं लेखन सगळ्यांचं झालं. हे इथे बसलेल्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. मराठी विकिस्रोतावर ‘श्यामची आई’ उघडलीत की ती उतरवून घेता येते. तिथे ईपब, मोबी आणि पीडीएफ असे पर्याय समोर येतात. बहुतेक जण डोळे मिटून पीडीएफ घेतात, कारण ते नाव ओळखीचं असतं. माझा आग्रह असा की वाचण्यासाठी घ्यायचं ते ईपब. पीडीएफ कागदासाठी आहे.

हिशेब साधा आहे. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद असतं आणि तुमच्या फोनचा पडदा सुमारे ७०. म्हणजे बारा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं होतं. मग बोटांनी मोठं करा, ओळ उजवीकडे सरकवत वाचा, पुन्हा डावीकडे या. ईपबमध्ये पान ठरलेलंच नसतं. अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने लागतात. (मागून आवाज : “चष्मा वाढतो तो पीडीएफमुळेच!” हशा.) चष्म्याचं डॉक्टरांना विचारा, पण ओळ सरकवण्याचा त्रास नक्की वाचतो.

आता किंडलवाले. पूर्वी त्यांना मोबी घ्या असं सांगत, आणि ते बरोबर होतं. पण ईमेलने किंडलवर पुस्तक पाठवण्याच्या सोयीत ॲमेझॉनने २०२२मध्ये ईपब घ्यायला सुरुवात केली आणि पुढे मोबी बंद केलं. तेव्हा ईपबच पाठवा. पाठवायचं मात्र ज्या पत्त्याला तुम्ही आपल्या खात्यात आधी मान्यता दिली आहे त्याच पत्त्यावरून, नाहीतर पुस्तक पोचत नाही. मोबीचं काम आता एवढंच उरलं : जुनं किंडल, वायफाय लागत नाही, वायरने संगणकाला जोडून फाइल टाकायची आहे.

आणि इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना मुलाने परदेशातून आपलं जुनं वाचनयंत्र पाठवलं. बाईंनी हौसेने मराठी पुस्तक घातलं, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणि जोडाक्षरं फुटून पायमोडकी! त्यांनी पुन्हा उतरवलं, दुसऱ्या प्रकारात उतरवलं. शेवटी कोणीतरी सुचवलं म्हणून उतरवताना फॉन्ट फाइलमध्येच घालण्याचा पर्याय निवडला. अक्षराचं वळण बदललं, वेलांटी तिथेच. कारण फाइलमध्ये पहिली वेलांटी व्यंजनानंतरच नोंदलेली असते. ती डावीकडे नेऊन दाखवणं आणि जोडाक्षर बांधणं हे यंत्रातल्या प्रणालीचं काम. ते तिला येत नसेल तर कितीही सुंदर फॉन्ट घाला, उपयोग नाही. तोच ईपब बाईंच्या फोनवर स्वच्छ उघडला. म्हणून जुनं यंत्र विकत घेण्याआधी त्यावर मराठीचं एक पान उघडून बघा आणि ‘विद्यार्थिनी’ हा शब्द शोधा. तो नीट दिसला तर बाकीचं दिसेल.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? बरं.

काही ईपब नावालाच ईपब असतात. आत नुसती पानांची छायाचित्रं. ओळखायचं कसं? एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही, तर ते चित्र आहे आणि अक्षर मोठं होणार नाही. संगणकावर आणखी खात्री होते : फाइलची एक प्रत काढून `.epub` बदलून `.zip` करा आणि उघडा. आतल्या प्रकरणांच्या फाइलींत नुसती चित्रं नव्हे, मजकूर दिसायला हवा.

(प्रश्न : “कागदावर वाचणाऱ्यांनी काय करायचं?”) कागदाशी माझं भांडण नाही, कागदासाठी पीडीएफ घ्याच. फक्त ए-फोर न घेता ए-फाइव्ह आकार निवडा. छापताना ‘बुकलेट’ हा पर्याय घेतला की ए-फोरच्या एका बाजूला दोन पानं बसतात आणि मधोमध घडी घालून शिवता येतं. एका तावावर चार पानं येतात, म्हणून शेवटी कोरी पानं निघाली तर घाबरू नका. जाड पुस्तक असेल तर थोड्या थोड्या पानांचे जुडगे करा, एकाच घडीत शिवू नका.

वेळ संपली, तरी शेवटचं. विकिस्रोतावरची फाइल तिथल्या त्या वेळच्या मजकुरातून तयार होते. वाचताना मुद्रणदोष दिसला तर मनात हळहळू नका. मूळ पानावर जाऊन तो सुधारा, म्हणजे पुढे जो कोणी ते पुस्तक उतरवून घेईल त्याला ते दुरुस्त मिळेल.