चौकोनातलं अक्षर
(तालुका कार्यकर्ता शिबिरात फॉर्म भरणाऱ्या पोरापोरींसमोर केलेलं बोलणं)



गावात दहावी-बारावी शिकलेलं पोरगं असलं की सगळे त्याच्याकडे फॉर्म घेऊन येतात. बँकेचा येतो, आधारचा येतो, पॅनकार्डाचा येतो. आज मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे चौकोनात इंग्रजी कॅपिटल अक्षर कसं लिहायचं. शाळेत आपण त्याला पहिली लिपी म्हणायचो. एवढ्यासाठी शिबिरात तासभर कशाला, असं कुणाला वाटेल. पण रोजगार हमीची मजुरी असो की पीक बुडाल्याची भरपाई, पैसा खात्यात येतो. खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की माणूस बँकेत हेलपाटे घालतो. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "तुमच्या फॉर्मवरचं अक्षर लागत नव्हतं." हे उत्तर त्यांच्या हातातून काढून घ्यायचं आहे.

आधी समजून घ्या, फॉर्म वाचतो कोण. आपण ज्याच्या हातात देतो तो कारकून बहुतेक वेळा तो संगणकावर चढवत नाही. चढवणारा ऑपरेटर दुसरीकडे बसलेला असतो. तो आपल्या भागातला नसला तर वळवी, वसावे, पाडवी ही आडनावं त्याने कधी ऐकलेली नसतात. त्यामुळे तो अंदाजाने वाचत नाही, एकेक चौकोन बघतो आणि दिसेल ते टाइप करतो. म्हणून प्रत्येक अक्षर शेजारच्या अक्षराच्या मदतीशिवाय ओळखू आलं पाहिजे.

आता आपल्या हाताला एक सवय आहे. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं. आपण लिहायला सुरुवात केली की हात आपोआप वर जातो आणि अक्षर वरच्या रेघेला चिकटतं. इंग्रजी अक्षराला वरची रेघ नसते, ते खालच्या रेघेवर उभं राहतं. चौकोन दिसला की आपला हात त्याच्या वरच्या रेघेला शिरोरेघ समजतो आणि अक्षर तिथे टेकवतो. बहुतेक घोटाळे इथूनच होतात, कारण अक्षर चौकोनाच्या रेघेला टेकलं की ती रेघ अक्षराचाच भाग होऊन बसते.

कसं ते बघा. यू वरच्या रेघेला टेकला की तोंड बंद होतं आणि तो ओ दिसतो. नुसत्या उभ्या दांडीचा आय वर टेकला की टी होतो. एलचा पाय उजव्या भिंतीपर्यंत ओढला की ती भिंत त्याची दुसरी दांडी होते आणि एलचा यू होतो. सीचं उघडं तोंड उजव्या भिंतीला लागलं की त्याचा डी किंवा ओ होतो. एफ खालच्या रेघेवर बसला की ई होतो. लिहिणाऱ्याने अक्षर बरोबरच काढलेलं असतं, पण छापलेली रेघ त्यात मिसळते. झेरॉक्स काढली की दोन्ही रेघा सारख्याच काळ्या होतात, मग कुठली कुणाची हे सांगता येत नाही.

म्हणून पहिला नियम हा. अक्षर चौकोनाच्या मधोमध ठेवायचं आणि चारही बाजूंनी थोडी पांढरी जागा सोडायची. चौकोनाच्या उंचीचे चार भाग केले तर अक्षर तीन भागांत बसवा. लहान काढलं तरी चालेल, टेकलेलं चालणार नाही.

आता एक नाव पूर्ण लिहून बघू. दिलीप गुलाब वळवी. असे दिलीप आपल्याकडे पाड्यापाड्याला आहेत, तेव्हा कुणी आपल्यावर घेऊ नका. बँकेच्या फॉर्मात ते असं बसेल:

```
|D|I|L|I|P| |G|U|L|A|B| |V|A|L|V|I|
```

पेन टेकवण्याआधी चौकोन मोजा. पाच, एक रिकामा, पाच, एक रिकामा, पाच. एकूण सतरा. एका चौकोनात एकच अक्षर आणि प्रत्येक शब्दानंतर एक चौकोन कोरा. कोरा चौकोन सोडला नाही तर गुलाब आणि वळवी एकच शब्द होतो. आणि दोन सोडले तर ऑपरेटरला वाटतं मधलं अक्षर राहिलं. काही फॉर्मात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव यांना वेगळ्या ओळी असतात. पॅनकार्डाच्या फॉर्मात आडनाव पहिल्या ओळीत येतं. म्हणून ओळीच्या बाजूला काय छापलंय ते वाचल्याशिवाय सुरुवात करू नका.

आता एकेक अक्षर घेऊ. डी काढताना आधी उभी दांडी सरळ खाली आणा, पेन उचला आणि मग वरून पोट काढा. डावीकडचे दोन्ही कोपरे टोकदार हवेत. एका फटक्यात गोल फिरवलात तर ओ होतो. आयला डोक्यावर आणि पायाशी छोटी आडवी रेघ द्या, म्हणजे तो एक हा आकडा वाटणार नाही. एलचा पाय चौकोनाच्या अर्ध्यापर्यंतच ओढा. पीचं पोट वरच्या अर्ध्या भागात ठेवा आणि दांडीला नीट मिळवा. उघडं राहिलं की तो एफसारखा वाटतो.

गुलाबच्या जीला आत आडवी फळी द्या आणि तिथून खाली छोटी दांडी आणा. फळी नसेल तर सी होतो. फळी आत गोल वळवली तर सहाचा आकडा होतो. बीची पाठ सरळ ठेवा आणि दोन्ही पोटं मध्ये पाठीला टेकवा. पाठ वाकली की आठ होतो. पोटं पाठीपासून सुटली की तेरा दिसतो. एच्या दोन तिरप्या दांड्या वर टोकाला मिळवा. वर फट राहिली की तो एच वाटतो.

आपल्या भागात सगळ्यात जास्त घात होतो तो व्हीचा. व्ही दोन सरळ रेघांचा आणि खाली टोकदार काढायचा. यू खाली गोल काढायचा. घाईत व्ही खाली गोल होतो. वळवीत तो दोनदा येतो, म्हणजे चूकही दोनदा होते. व्ही गोल झाला आणि शेवटचा आय वर टेकला, तर वळवीचं संगणकावर हे होतं:

```
UALUT
```

हे कुणाचं आडनाव आहे? पण ऑपरेटरला त्यात काही चुकीचं वाटत नाही, कारण त्याला वळवीही तितकंच अनोळखी असतं.

आता आकडे. इथे मराठी शाळेत शिकलेल्यांनी जास्त सांभाळायचं. इंग्रजी अक्षरांच्या फॉर्मात मराठी आकडा मिसळू देऊ नका. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. मराठी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. मराठी ५ घाईत इंग्रजी चारसारखा दिसतो. जन्मतारखेला आठ चौकोन असतात. दोन दिवसाचे, दोन महिन्याचे आणि चार वर्षाचे. जानेवारी म्हणून ०१ लिहिलं आणि एक मराठी पडला, तर तो शून्य-नऊ म्हणजे सप्टेंबर होतो. एप्रिलचा ४ मराठी पडला तर ऑगस्ट होतो. संगणक अडवत नाही, कारण सप्टेंबर आणि ऑगस्ट हे खरेच महिने आहेत. म्हणून एकासाठी इंग्रजीत नुसती सरळ दांडी काढा, मधोमध. सातच्या दांडीला मध्ये छोटी आडवी काट द्या, म्हणजे सात आणि एक वेगळे राहतील. पाचाची टोपी सरळ आणि कोपरा टोकदार ठेवा, नाहीतर एस होतो.

बँकेच्या आयएफएससी कोडात अकरा खाने असतात. पहिले चार अक्षरांचे. पाचवा नेहमी शून्य असतो, ओ कधीच नसतो. कुणी ओ लिहून आणला असेल तर तिथेच पकडता येतो. आधारचे बारा आकडे असतात आणि पहिला आकडा शून्य किंवा एक कधीच नसतो. आधारचा एक आकडा चुकला तर संगणक नंबर घेत नाही, कारण शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो. नावाला असला पहारेकरी नाही. नाव चुकलं की चुकलेलंच छापलं जातं. म्हणून सगळ्यात जास्त वेळ नावाला द्या.

पेन साधं बॉलपेन घ्या, काळ्या शाईचं. पॅनचा फॉर्म काळ्याच शाईचा मागतो. जेलपेन पातळ कागदावर फुटतं. अंगठा घ्यायचा असेल तर सगळं भरून झाल्यावर, शेवटी घ्या आणि शाई वाळू द्या. बोट चौकोनांवर घासलं तर भरलेलं वाया जातं. चुकलेल्या अक्षरावरच दुसरं गिरवू नका. दोन अक्षरं एकावर एक आली की ऑपरेटर तिसरंच वाचतो. दुसरा फॉर्म घ्या. दुसरा मिळणार नसेल तर आधी गणिताच्या चौकटीच्या वहीत तेच नाव लिहून बघा आणि मग फॉर्मला हात लावा.

फॉर्म भरला की तपासायची एक पद्धत सांगतो. जाड कागदाला फॉर्मच्या चौकोनाएवढं भोक पाडा. तो कागद नावावर ठेवा आणि ज्याला ते नाव माहीत नाही अशा माणसाला एकेक चौकोन दाखवत अक्षर विचारा. भोकातून एकच अक्षर दिसतं, त्यामुळे त्याला अंदाज बांधता येत नाही. जिथे तो अडखळला, तिथे ऑपरेटरही अडखळणार.

आता यानं काय होत नाही तेही सांगतो. सुंदर अक्षरानं स्पेलिंग जुळत नाही. वळवी कुणाच्या कार्डावर व्हीने सुरू होतं, कुणाच्या डब्ल्यूने. नाव ऐकून लिहू नका. माणसाचं आधारकार्ड समोर ठेवा आणि त्यातलं अक्षर न् अक्षर उतरवा, ते तुम्हाला चुकीचं वाटलं तरी. कार्डच दुरुस्त करायचं असेल तर ते वेगळं काम आहे, आधी ते करा. आणि फॉर्म कितीही स्वच्छ असला तरी टाइप करणारा चुकू शकतो. म्हणून देण्याआधी भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स काढून ठेवा. पासबुक हातात आलं की खिडकीपासून हलण्याआधी नाव आणि जन्मतारीख झेरॉक्सशी लावून बघा. फरक निघाला आणि झेरॉक्सवर प्रत्येक अक्षर आपापल्या चौकोनात वेगळं उभं असलं, तर "अक्षर लागत नव्हतं" असं म्हणायला जागा उरत नाही. मग चूक कुणाची ते कागदच सांगतो.

आता सगळ्यांनी चौकटीच्या वह्या काढा. आपापल्या आधारवरचं नाव लिहा आणि शेजाऱ्याला भोकातून वाचायला द्या.